घरी शिक्का नसतो

दाजी आमच्या ऑफिसात आले तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होतो. माझ्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. दर रविवारी मी त्यांच्या ताटाला ताट लावून जेवतो. त्यांनी टेबलाच्या पलीकडे उभं राहून मला नमस्कार केला, अनोळखी माणसाला करतात तसा दोन्ही हात जोडून. मग पिशवीतून दोन कागद काढले. एक माझ्यापुढे ठेवला, दुसरा हातातच धरला.

"ह्ये एक तुमी ठेवून घ्या आन् ह्याच्यावर शिक्का मारून द्या."

"दाजी, बसा की आधी. घरी सांगितलं असतं तर..."

"घरी सांगितलं की, पाव्हणं. लई बारी सांगितलं. घरी शिक्का नसतो तुमच्याकडं."

शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस मान खाली घालून हसला. दाजीही हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत.

मी सोलापुरातल्या एका बिल्डरच्या ऑफिसात काम करतो. करारनामे, ताबा आणि तक्रारी, असं माझं टेबल. लोक फ्लॅट घ्यायला येतात तेव्हा करारनाम्याची पानं मीच उलटतो, 'इथं सही, इथं सही, इथं पण' असं म्हणत. किल्ली मीच हातात देतो, सोबत पेढ्याचा पुडा. आणि नंतर तेच लोक कागद घेऊन येतात तेव्हा आवकचा शिक्काही मीच मारतो. विजापूर रोडच्या पुढे आमची जी नवी इमारत झाली, तिच्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आक्काला मीच घ्यायला लावला होता.

दाजी सूतगिरणीत होते. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या छातीत आयुष्यभराचा कापूस साठला होता. थंडीत आणि दमट हवेत त्यांना श्वास पुरत नाही, उशीला उशी लावून अर्धवट बसूनच झोपावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोरडी, उजेडाची खोली बघा. भाड्याच्या दोन खोल्यांत ते जमत नव्हतं. मी म्हटलं, आमच्याकडेच घ्या, मी आहे की तिथं. हे शेवटचं वाक्य मी किती सहज बोललो होतो ते मला आता रोज आठवतं. फ्लॅट आक्काच्या नावावर घेतला, बाईच्या नावानं मुद्रांक शुल्कात सवलत मिळते म्हणून. तोही सल्ला माझाच.

ताबा मिळून चार महिने व्हायच्या आत त्यांच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली. आधी कोपऱ्यात, बाथरूमच्या बाजूला, तळहाताएवढा डाग. मग रंगाला फोड आले, फोड फुटून पापुद्रे सुटले आणि खालून पांढरा लोणा, भिंतीतला खार, बाहेर पडू लागला. आक्का रोज सकाळी केरसुणीनं तो झाडायची आणि संध्याकाळी परत तेवढाच. दाजींचा पलंग त्याच भिंतीला होता. तो त्यांनी आधी खोलीच्या मधोमध ओढला, मग हॉलमध्ये आणला.

मी दर रविवारी ते बघत होतो. "बघतो, सांगतो, माणूस पाठवतो," असं म्हणत होतो.

तेव्हा दाजींनी पत्र लिहिलं. अक्षर त्यांचं, सही आक्काची. गिरणीत युनियनचे अर्ज तेच लिहायचे, त्यामुळे पत्र अगदी रीतसर होतं.

'विषय: सदनिकेच्या शयनगृहातील भिंतीत ओल झिरपत असलेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळवणेत येते की, सदर सदनिकेचा ताबा आपण आम्हांस दिल्यानंतर अल्पावधीतच शयनगृहाचे आतील भिंतीस ओल आली असून ती वाढत आहे. घरात दम्याचा रुग्ण आहे. आपणांस तोंडी वारंवार सांगितले आहे. कायद्याने ताब्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोषाची जबाबदारी आपली असून, कळवल्यापासून तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्ती करून देणे आपणांवर बंधनकारक आहे. तरी...'

'आपणांस तोंडी वारंवार सांगितले आहे' यातले 'आपण' म्हणजे मी. मी दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, तारीख घातली, खाली छोटी सही केली. दाजींनी त्यांची प्रत घडी करून खिशात ठेवली आणि डब्याकडे बघून म्हणाले, "जेवा आता. तुमच्या बहिनीनंच दिली हाय की ती चटणी."

खरंच तिनंच दिली होती. शेंगाची.

दुसऱ्या दिवशी साइट इंजिनिअर आणि मी पाहणीला गेलो. इंजिनिअर माझ्याच वयाचा, पाठीच्या दुखण्यानं वाकलेला, मालकांकडे माझ्याही आधीपासून आहे. आक्कानं त्याला चहा दिला. त्यानं भिंतीला हात लावला, बोटांनी ठोकून पाहिली, मग बाथरूममध्ये गेला आणि तिथूनच ओरडला, "हौद कुणी बांधलाय?"

हौदाचं सांगायला हवं. सोलापुरात कॉर्पोरेशनचं पाणी रोज येत नाही. चार-चार, पाच-पाच दिवसांआड येतं, आणि इमारतीची टाकीही मग वेळ बघूनच सोडतात. त्यामुळे फ्लॅट कितीही चकचकीत असला तरी इथली बाई ताबा घेताना आधी विचारते, पाणी कुठं साठवायचं? आम्ही प्लॅनमध्ये हौद देत नाही. जागा कमी दिसते आणि जाहिरातीतलं बाथरूम बिघडतं. लोक ताबा घेतात आणि पहिल्या महिन्यातच बाथरूमच्या कोपऱ्यात विटांचा हौद बांधून, फरश्या लावून घेतात. बांधून देणारे आमचेच गवंडी आणि आमचाच प्लंबर, सुट्टीच्या दिवशी. हे मालकांना ठाऊक आहे, इंजिनिअरला ठाऊक आहे, मला तर आहेच. त्या इमारतीत बिनहौदाची घरं शोधावी लागतील.

आक्कानं विचारलं होतं मला. "आरं, हौद बांधला तर चालंल नव्हं? कुणाला इचारायचं?"

"विचारायचं काय त्यात? मी सांगतोय ना, बांध."

करारनाम्यात कलम आहे. बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय बाथरूम, संडास, स्वयंपाकघरात नळाच्या लायनीत किंवा बांधकामात बदल केला, आणि त्यातून ओल आली, तर पाच वर्षांची जबाबदारी आपोआप संपते. मला ते कलम पान न उघडता सांगता येतं. लेखी परवानगी म्हणजे काय, तर एका पानाचा अर्ज आणि त्यावर आमच्या ऑफिसची एक सही. ती सही करायचा अधिकारही मालकांनी मलाच दिलेला आहे. आक्काला मी अर्ज करायला सांगितलं असतं तर तो माझ्याच टेबलावर आला असता आणि मीच सही केली असती. पण भावानं बहिणीला अर्ज करायला सांगायचं, ही कल्पनाच माझ्या डोक्यात आली नाही. घरातलं काम तोंडावर होतं, एवढंच मला ठाऊक होतं.

पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा तिनं त्या हौदाला हळदकुंकू वाहिलं होतं. मला फोन करून सांगितलं होतं, भरला म्हणून.

इंजिनिअर हौदाभोवती फिरला. हौदाचा गिलावा कोरडा होता, सांधे बरे होते. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि जिन्याकडे निघाला. मला वाटलं खाली जाईल, तो वर गेला. चौथ्या मजल्यावरचा बरोबर आक्काच्या डोक्यावरचा फ्लॅट अजून विकला गेलेला नाही. किल्ली त्याच्याकडे असते. आत कुणी राहिलेलं नाही, बाथरूममध्ये हौद नाही, नळाला तोट्याही बसवलेल्या नाहीत. आम्ही बेडरूममध्ये गेलो. त्याच भिंतीला, त्याच कोपऱ्यात ओल होती. खालच्यापेक्षा मोठी. रिकाम्या घराला उबट वास येत होता.

"शाफ्टातनं येतंय," तो म्हणाला. बाथरूम आणि बेडरूमच्या मधल्या बोळातून गच्चीवरच्या टाकीचे पाइप खाली उतरतात, त्याला आम्ही शाफ्ट म्हणतो. "वरच्या लायनीला कुठंतरी जॉइंट सुटलाय. भिंतीच्या अंगानं पाणी खाली चाललंय."

"म्हणजे हौदाचा संबंध नाही."

"हौदाचा काय संबंध!"

मला इतका आनंद झाला की मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मग तसं लिही की रिपोर्टात."

त्यानं दाराला कुलूप घातलं, ओढून बघितलं, किल्ली खिशात टाकली. "आपण वर आलोच नव्हतो," तो म्हणाला. "तुमची बहीण हाय हे मला माहीत हाय. पण मला बी दोन पोरी हायत, राव. आधी मालकांशी बोला. ते लिही म्हणाले तर मी आत्ता लिहितो."

त्याच्या रिपोर्टात एकच ओळ होती: सदनिकाधारकाने विनापरवाना हौदाचे बांधकाम केल्याचे आढळले.

मालकांना आम्ही सगळे मालकच म्हणतो. त्यांच्याबद्दल वाईट लिहायला मला सोपं गेलं असतं, पण ते खरं होणार नाही. माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी स्वतःची गाडी दिली होती, आणि ती परत कधी देणार असं विचारलंही नव्हतं. मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. वरच्या फ्लॅटचंही. हौद मीच बांध म्हटलं होतं, तेही. मनावरचं ओझं उतरेल असं वाटलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हाईत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"शाफ्टाचं. आरं बाबा, मला माझी बिल्डिंग कळत न्हाय व्हय? पण शाफ्ट खोलायचा म्हंजे गच्चीपासनं खालपर्यंत परांची बांधून लाइन बदलायची. सगळ्यांचं पानी बंद. शेजारच्या विंगचं बुकिंग चालू हाय. लोकं येतात, बघतात, इचारतात, ह्ये काय फोडलंय? आत्ता न्हाय जमत. पुढं बघू."

"पण उत्तर द्यायला लागेल, मालक. पत्र आवक झालंय. तीस दिवस..."

"तर दे की उत्तर. हौद बांधलाय, कलम हाय. एकाला लिहून दिलं ना, की आमची चूक हाय, तर उद्या सगळी बिल्डिंग कागद घिऊन हुबी ऱ्हाईल. ज्याच्या त्याच्या घरात हौद हाय." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "तुझ्या बहिनीचं काम मी करून देतो. माझा शब्द. पेंटर पाठवतो, वॉटरप्रूफ मारून देतो. पर लेखी न्हाय. घरातलं मानूस हाय, लेखी कशाला पायजे?"

हे माझंच वाक्य होतं. मी आक्काला हेच म्हटलं होतं, फक्त दुसऱ्या शब्दांत.

मी उत्तर टाइप केलं. मला ते काम येतं, म्हणून ते चांगलंच झालं. 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने प्रत्यक्ष पाहणी केली असता, आपण विनापरवाना केलेले बांधकाम व निष्काळजीपणा यामुळे सदर ओल उद्भवल्याचे दिसून येते. करारनाम्यातील अटीनुसार...' खाली माझं पद आणि माझी सही. पत्र नेऊन देता येत होतं, त्यांचं घर माझ्या वाटेवरच आहे. मी स्पीड पोस्टानं पाठवलं. पोहोच ऑफिसच्या फायलीत लागते म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते पत्र तिच्या हातात देताना तिच्यासमोर उभं राहायची माझी तयारी नव्हती.

दोन-तीन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच.

"आरं, तुझं पत्र आलंय."

"आक्का, ते ऑफिसचं आहे. तसं लिहावं लागतं."

"व्हय, व्हय. पोस्टमननं सही घितली माझी." मागं दाजींचा खोकला ऐकू आला. "त्यात निष्काळजीपना लिवलंय. म्हंजे मी का रं?"

मी काय बोललो ते आठवत नाही. 'ते छापील असतं,' असं काहीतरी म्हणालो असेन.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा जिन्यात विटांचे तुकडे आणि फुटक्या फरश्या गोण्यांत भरून ठेवलेल्या होत्या. आक्कानं हौद फोडून टाकला होता. दाजी तिला नको म्हणत होते. हौद ठेवूनच भांडू, असं त्यांचं मत. पण तिनं दोन गडी बोलावले आणि दुपारपर्यंत कोपरा मोकळा केला. पाणी मग प्लॅस्टिकच्या पिंपात, कळशांत, घमेल्यांत, अगदी जुन्या डालड्याच्या डब्यातसुद्धा भरून ठेवलं होतं. बाथरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मी सँडल काढत असतानाच ती म्हणाली, "काढला बघ. आता तुझ्या पत्रात काय चुकीचं ऱ्हायलं न्हाय. आता तरी दुरुस्त करून द्या म्हनाव."

तिला खरंच वाटत होतं की अडचण हौदाची होती. माझ्या सहीवर तिचा विश्वास होता. निष्काळजीपणा माझ्या भावानं लिहिलाय म्हणजे झाला असणार, असं तिनं धरलं होतं. वरच्या फ्लॅटची ओल मी पाहिली होती आणि तिला सांगितली नव्हती. तेव्हाही सांगितली नाही. ती भाकरी थापत होती आणि मी पाटावर बसून 'हं' म्हणालो.

दाजी मात्र माझ्याकडे बघत राहिले. गिरणीत त्यांनी बरेच मॅनेजर बघितले होते. "पाव्हणं," ते म्हणाले, "हौद गेल्यावर भित वाळली न्हाय, तर मग कुनाचा निष्काळजीपना लिवनार?"

भिंत वाळली नाही. महिनाभर त्यांनी वाट बघितली. मग दुसरं पत्र आलं, तसंच रीतसर, दोन प्रतींत. 'हौद काढून टाकला असून ओल कायम आहे. सबब ओलीचे कारण हौद नव्हते हे सिद्ध होते.' दाजींनी 'सिद्ध होते'खाली पट्टीनं रेघ ओढली होती. मी शिक्का मारला. या वेळी नमस्कार झाला नाही. त्यांना जिना चढून दम लागला होता. पाणी घेतलं आणि बसून राहिले. मी म्हटलं, "रिक्षानं सोडतो." ते म्हणाले, "तुमचं टेबल कोन बघंल?"

मी पत्र घेऊन मालकांकडे गेलो. या खेपेला मी थोडं चढ्या आवाजात बोललो. निदान मला तसं वाटलं. मालकांनी पेंटर पाठवायला सांगितला, त्याच दिवशी. आणि मला एक कागद करायला सांगितला: भिंतीचे काम समाधानकारकरीत्या पूर्ण करून मिळाले, याबाबत आता कोणतीही तक्रार राहिलेली नाही. हा कागद काम सुरू व्हायच्या आधी सही करून घ्यायचा.

"आधी?" मी विचारलं.

"मग काय नंतर? नंतर कोन करतं?"

पेंटर, त्याचा सामानाचा डबा आणि मी, आम्ही तिघं रिक्षातून गेलो. दाजींनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"काम व्हायच्या आदी समाधान?"

"दाजी, ऑफिसची पद्धत आहे ती."

"आमच्या गिरणीत पन व्हती. कोऱ्या कागदावर सह्या घ्यायची. मी कधी केली न्हाय." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "पेंटर पानी कुटनं येतंय त्ये बघनार हाय का? न्हाय. वरनं फासनार. पावडर लावून भित वाळत न्हाय, पाव्हणं."

पेंटर दारात उभा. त्याला दुसरीकडे जायचं होतं. तो म्हणाला, "करायचं असलं तर बोला, न्हायतर मी निघतो." तेवढ्यात आक्का स्वयंपाकघरातून आली, पदराला हात पुसत. तिनं माझ्या हातातला कागद घेतला.

"कुटं करायची?"

"थांब," दाजी म्हणाले.

"तुमी थांबा जरा. घर माझ्या नावावर हाय." मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला अजून विसरता येत नाही असं बोलली. "आरं, किती दिस ह्ये तुझ्या टेबलावर ठिवायचं? मालक तुला बोलत आसतील की."

वर रिकाम्या घरात हीच ओल आहे, हौदाचा काही संबंध नव्हता, तू फुकट फोडलास, या कागदावर सही करू नकोस, एवढं बोलायला वेळ लागला नसता. ती पेन शोधत होती तेवढा वेळ मला होता. मग मीच खिशातलं पेन काढून दिलं. हात सवयीनं गेला. 'इथं सही,' असंही मी म्हणालो.

पेंटरनं दोन दिवसांत काम केलं. खरवडलं, केमिकल मारलं, पुट्टी, प्रायमर, वर मोतिया रंग. भिंत देखणी दिसायला लागली. आक्कानं शेजारणीला बोलावून दाखवली. दाजींचा पलंग परत आत गेला. मी काही दिवस नीट झोपलो.

नंतर परत फोड आले. आधी तळहाताएवढे. आक्कानं मला फोन केला नाही, दाजींनीच सांगितलं, तेही एका रविवारी जेवताना, मीठ मागावं तसं. "आली बरं का पाव्हनी परत."

त्या दिवशी मी सगळं सांगितलं. हात ताटातच होता. चौथ्या मजल्यावर काय बघितलं ते, मालक काय म्हणाले ते, हौदाच्या परवानगीवर सही करायचा अधिकार मलाच होता ते. आक्का वाढायची थांबली. दाजी जेवत राहिले, जणू त्यांना यातलं काही नवीन नव्हतं. मग ताटात हात धुऊन म्हणाले, "मंग आता रेराच्या सरकारी हापिसात बिल्डरवर तक्रार टाकायची. तुमी लिहून द्या, वरच्या घरात ओल बघितली, हौदाला तोंडी परवानगी मीच दिली. एवढं दोन वळीचं. त्या समाधानाच्या कागदाचं मी बघतो, काम व्हायच्या आदी सही घितली ह्ये बी लिहू."

"देतो," मी म्हणालो.

आणि मी खरंच देणार होतो. निदान तो शब्द तोंडातून बाहेर पडताना तरी.

"काय गरज न्हाय," आक्का म्हणाली. तिनं भांडं खाली ठेवलं. "त्याची पोरगी अजून शिकतीय. ह्या वयात त्याला कोन ठिवून घील? एका भिताडापायी भावाची भाकरी घालवू व्हय मी?"

"मग मी मरू का हितं वल खात?" दाजी म्हणाले.

"हॉलात झोपा. हॉल काय वाईट हाय?"

दाजी हसले आणि हसता हसता खोकू लागले. खोकला थांबेना तेव्हा तिनं त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि मला डोळ्यांनीच 'जेव' असं खुणावलं. मी जेवलो. तिनं 'गरज न्हाय' म्हटलं तेव्हा मला काय वाटलं ते लिहायलाच मी हे सगळं लिहायला बसलो आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचं काहीतरी उतरलं, केबिनमध्ये सगळं सांगून उतरलं नव्हतं ते. समोर माझ्या दाजींना श्वास मिळत नव्हता आणि मला मोकळा श्वास आला.

याला आता बरेच महिने झाले. शेजारच्या विंगचं बुकिंग चांगलं चाललं आहे. शाफ्ट खोललेला नाही. मी अधूनमधून मालकांना आठवण करतो. ते म्हणतात, "हाय की ध्यानात," आणि मला वाटतं, त्यांच्या खरंच ध्यानात असावं. पाच वर्षांची मुदत अजून बरीच शिल्लक आहे, असं मी मला सांगत असतो. मुदत शिल्लक आहे आणि दाजींची छाती किती शिल्लक आहे, हा हिशेब मी करत नाही.

मी गेलो की आक्का आधी बेडरूमचं दार ओढून घेते. 'घाण हाय आत,' म्हणते. मला दिसू नये म्हणून ओढते, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक आहे. पण ओलीचा वास दारातून येतोच. दाजी हॉलमध्ये उशीला उशी लावून बसलेले असतात आणि मला विचारतात, "शिक्का आनलाय का आज पिशवीत?" मी हसतो, तेही हसतात.

तिसरं पत्र तयार आहे. फ्रिजवर पडलेलं असतं, दोन प्रतींत, दाजींच्या अक्षरात, वर मिठाची बरणी ठेवलेली. या वेळी त्यात वरच्या रिकाम्या फ्लॅटचाही उल्लेख आहे, माझं नाव न घालता. सगळं बरोबर आहे, मी वाचलं आहे. फक्त खाली सही नाही. फ्लॅट आक्काच्या नावावर, त्यामुळे तिची सही लागते, आणि ती करत नाही. दाजी दोनदा म्हणाले, चारदा म्हणाले, मग म्हणायचे थांबले.

मी म्हटलं तर ती करेल. 'आक्का, कर सही, माझं मी बघतो,' एवढं. माझं ती ऐकते, करारनाम्यापासून समाधानाच्या कागदापर्यंत ती माझं ऐकतच आली. दर रविवारी तिसऱ्या मजल्याचा जिना चढताना मी ते वाक्य मनात म्हणून बघतो. दार उघडतं, ती 'आलास व्हय' म्हणते, पाणी देते, बेडरूमचं दार ओढून घेते. पिंपातलं पाणी असतं, गार. पेन माझ्या खिशातच असतं.